सर, तुमचं नाव दिलं तर चालेल का?

मुलाखतीच्या फेऱ्या संपल्या आणि पगाराचं बोलणं जवळजवळ ठरलं, की नव्या कंपनीकडून एक फॉर्म येतो. त्यात दोन चौकटी रेफरन्ससाठी असतात. नाव, हुद्दा, कंपनी, फोन, ऑफिसचा ई-मेल, तुमच्याशी कामाचं नातं काय आणि ते तुम्हाला किती काळ ओळखतात, एवढं भरायचं असतं. दोघांपैकी निदान एक जण तुमचा प्रत्यक्ष वरिष्ठ असावा, अशी बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते. फॉर्म दोन-चार दिवसांत परत द्यायचा असतो. आणि ज्या साहेबांचं नाव तिथे लिहायचं मनात येतं, त्यांच्याशी शेवटचं धड बोलणं नोकरी सोडल्याच्या दिवशी झालेलं असतं.

पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांमध्ये मी बरीच वर्षं एचआरचं काम केलं. असे रेफरन्सचे फोन करणं हा त्या कामाचा नेहमीचा भाग होता. उमेदवाराने आधी विचारलं आहे की नाही, हे फोनवरच्या पहिल्या काही सेकंदांतच कळायचं. विचारलेलं असेल तर समोरचे साहेब म्हणायचे, ‘हो हो, बोला, तिने सांगितलं होतं.’ विचारलेलं नसेल तर ते नाव आठवण्यात थोडा वेळ जायचा आणि मग उत्तर यायचं, ‘हां, होती आमच्याकडे. चांगली होती.’ वाईट काहीच बोललेलं नसायचं, पण माझ्यासमोरच्या कागदावर लिहिण्यासारखंही काही हाती लागायचं नाही. चार वर्षं मनापासून केलेल्या कामाचं एवढंच मोल व्हावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून आधी विचारायचं, हे तर झालंच. पण विचारायचं कसं, यातच बहुतेकांची गाडी अडते. हे एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. माझ्या ओळखीची एक क्वालिटी इंजिनिअर आहे. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती 2018 ते 2022 अशी चार वर्षं होती. नंतर दुसरीकडे गेली आणि आता वाळूजच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी तिचं जवळजवळ ठरलं होतं. तिचे चाकणचे मॅनेजर मधल्या काळात नोकरी बदलून होसूरला गेले होते. तिने त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर जो मजकूर लिहिला होता, तो पाठवण्याआधी मला दाखवला. तो असा होता:

‘गुड मॉर्निंग सर, कसे आहात? खूप दिवस झाले बोलणं नाही. घरी सगळे ठीक ना? सर, एक काम होतं. फ्री असाल तेव्हा फोन करू का?’

यात उद्धट काही नाही, उलट मुलगी अदबीने बोलते आहे. पण ज्यांना हा मेसेज जाणार त्यांच्या बाजूने पाहा. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग सुरू आहे, फोन टेबलाखाली धरून ते एक नजर टाकतात. ‘एक काम होतं’ म्हणजे काय? नोकरी लावायची आहे? पैसे हवे आहेत? कुणा भावाचा बायोडेटा पुढे सरकवायचा आहे? काय मागणार हे माहीत नसताना ‘कर फोन’ म्हणायला माणूस कचरतो, आणि ‘नको करू’ म्हणणं तर शोभतच नाही. मग ते ठरवतात, संध्याकाळी निवांत उत्तर देऊ. संध्याकाळपर्यंत त्या मेसेजवर आणखी पन्नास मेसेज येऊन पडलेले असतात. इकडे हिला दोन निळ्या खुणा दिसतात आणि वाटतं, सर नाराज आहेत. सर नाराज नसतात. त्यांना उत्तर देण्याजोगा प्रश्नच विचारलेला नसतो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच पाहण्यात येते. कुठूनतरी तयार इंग्रजी नमुना घेतात. त्यात आरोग्य-खुशालीची एक ओळ, त्यांच्या हाताखाली शिकायला मिळाल्याबद्दल आभाराचा एक परिच्छेद, मग आपल्या आजवरच्या प्रवासाचा एक परिच्छेद आणि तळाशी विनंती. व्हॉट्सअ‍ॅप लांब मजकूर मध्येच कापतं आणि पुढचं वाचायला पुन्हा बोट लावावं लागतं. विनंती नेमकी त्या कापलेल्या भागात जाते. शिवाय चार वर्षं ज्यांच्याशी ‘सर, तो लॉट होल्डवर टाकलाय’ असं मराठीत बोललात, त्यांना अचानक पत्रलेखनाच्या पुस्तकातली इंग्रजी आली की ते बुचकळ्यात पडतात. ज्या भाषेत आणि ज्या संबोधनाने तुम्ही रोज बोलत होता, तेच ठेवावं. कारखान्यात ‘सर’ होते तर ‘सर’, ‘मॅडम’ होत्या तर ‘मॅडम’, आणि हिंजवडीच्या एखाद्या टीममध्ये मॅनेजरला नावाने ‘अरे-तुरे’ चालत असेल तर तसंच.

मेसेज वाचताना त्या वरिष्ठाच्या मनात ठरावीक शंका येतात. ही कोण आणि केव्हा होती? कशासाठी विचारते आहे? मला नक्की काय करावं लागेल, पत्र लिहायचं की फोनवर बोलायचं? त्याला किती वेळ जाईल, आणि कधी? मला तिचं काम आता आठवतं तरी आहे का? आणि मला जमणार नसेल तर ते कसं सांगू? या सगळ्यांची उत्तरं मेसेजमध्येच असली की त्यांच्यासाठी फक्त होकार किंवा नकार उरतो. त्यातली निम्मी उत्तरं मात्र उमेदवाराला स्वतःलाच माहीत नसतात, कारण तिने नव्या कंपनीला विचारलेलंच नसतं. आमच्या या मुलीलाही मी आधी तिकडेच फोन करायला सांगितलं. रेफरन्सचा फोन कोण करणार, तुमचा एचआर की बाहेरची पडताळणी एजन्सी? फोन असेल की ई-मेलवर फॉर्म येईल? साधारण कोणत्या आठवड्यात? हे विचारलेलं कंपनीला आवडत नाही असं कुणी समजू नये. मला कुणी विचारलं तर बरंच वाटायचं, कारण त्या उमेदवाराचे रेफरन्स वेळेत मिळणार हे मला तेव्हाच कळायचं.

तिला उत्तर मिळालं की फोन कंपनीच्या एचआरकडूनच येईल, पुढच्या आठवड्यात, दहा-पंधरा मिनिटांचा. मग तिने मजकूर पुन्हा लिहिला:

‘नमस्कार सर. मी (इथे तिचं नाव), 2018 ते 2022 चाकणच्या प्लांटला तुमच्या हाताखाली क्वालिटीत होते. वाळूजच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझं जवळजवळ ठरलं आहे आणि त्यांनी जुन्या मॅनेजरचा रेफरन्स मागितला आहे. तुमचं नाव दिलं तर चालेल का?

त्यांच्या एचआरचा पुढच्या आठवड्यात एक फोन येईल, दहा-पंधरा मिनिटांचा. लिहून काही द्यायचं नाही. मी केलेली सप्लायर ऑडिट्स आणि 2021 मधल्या ब्रेक पार्टच्या तक्रारीचं काम, यात त्यांना जास्त रस आहे.

माझ्या कामाबद्दल मोकळेपणाने चांगलं सांगता येईल असं वाटत असेल तरच हो म्हणा. कंपनीचा नियम आड येत असेल किंवा सध्या गडबड असेल तरी कळवा, माझ्याकडे दुसरं नाव आहे.

फॉर्म गुरुवारी द्यायचा आहे. नुसतं हो किंवा नको कळवलंत तरी पुरे. हो असेल तर बाकीची माहिती मी पाठवते.’

हा मेसेज वाचायला एक मिनिटही लागत नाही. मागणी तिसऱ्याच वाक्याला आली आहे, खुशाली विचारायला अडून बसलेली नाही. काळ आणि जागा पहिल्याच ओळीत आहेत, कारण वर्षाला वीस-पंचवीस माणसं ज्यांच्या हाताखालून जातात त्यांना नावावरून चेहरा आठवेलच असं नाही. ‘चाकण, क्वालिटी, 2021 ची ब्रेक पार्टची तक्रार’ म्हटलं की मात्र चटकन आठवतं. त्या तक्रारीच्या वेळी तिने ग्राहकाला द्यायचा 8डी रिपोर्ट, म्हणजे दोष कुठून आला आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं याचा आठ टप्प्यांचा अहवाल, स्वतः उभा केला होता. हे सगळं मेसेजमध्ये सांगण्याची गरज नव्हती. तक्रारीचा नुसता उल्लेख केला की साहेबांना ते दिवस आठवणार होते.

माझ्या मते या मेसेजमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ‘मोकळेपणाने चांगलं सांगता येईल असं वाटत असेल तरच हो म्हणा’. बहुतेक जण हेच वाक्य घालायला घाबरतात. सर नको म्हणाले तर, अशी धास्ती असते. पण नको म्हणणाऱ्या माणसाने भिडेखातर हो म्हटलं तर काय होतं, ते फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून मी ऐकलं आहे. ‘काम ठीक होतं.’ ‘अटेंडन्स चांगला होता.’ ‘बाकी काही विशेष सांगता येणार नाही.’ सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी चार वर्षांच्या वरिष्ठाने फक्त अटेंडन्सचं कौतुक केलं, तर ऐकणारा त्याचा काय अर्थ लावेल ते वेगळं सांगायला नको. असा कोमट होकार नकारापेक्षा महाग पडतो. नकाराने फक्त दुसरं नाव शोधावं लागतं. आणि ज्यांना खरंच चांगलं बोलायचं आहे, त्यांना या वाक्याने अडचण होत नाही. उलट हो म्हणताना त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं की आपण चांगलं बोलणार आहोत.

त्याच्या पुढचं वाक्यही सौजन्यापुरतं घातलेलं नाही. अनेक मोठ्या कंपन्यांमध्ये मॅनेजरने कंपनीच्या वतीने रेफरन्स द्यायला मनाई असते. तिथे एचआर फक्त रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख आणि हुद्दा यांना दुजोरा देतं. वरिष्ठाला तुमच्याबद्दल कितीही आपुलकी असली तरी हा नियम मोडणं त्याला परवडत नाही. तुम्ही ‘कंपनीचा नियम’ हे शब्द आधीच वापरलेत की त्याला संकोच न वाटता तसं सांगता येतं. असं उत्तर आलं तर एकदाच विचारावं, वैयक्तिक ओळख म्हणून बोलायला चालेल का? माणूस ती कंपनी सोडून गेलेला असेल तर पुष्कळदा चालतं. तेही नको म्हणाले तर विषय तिथेच थांबवावा.

आपल्याकडे नकार क्वचितच नकार म्हणून येतो, हेही लक्षात ठेवायला हवं. ‘बघतो’, ‘एचआरलाच विचारायला सांग ना’, ‘सध्या जरा बिझी आहे, पण दे तुला वाटलं तर’ ही तिन्ही उत्तरं नकार समजावीत आणि आभार मानून दुसरं नाव घ्यावं. उत्तरच आलं नाही तर कामाचे दोन दिवस थांबून एकच आठवण करावी, आणि तिच्यातही सुटण्याची वाट ठेवावी: ‘सर, फॉर्म उद्या द्यायचा आहे, आज संध्याकाळपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मी दुसरं नाव देते.’ यावर बरेचदा लगेच हो येतं. नाही आलं तरी तुम्ही अडकून पडत नाही. म्हणूनच दोन नावं हवी असतील तर तिघांची यादी हाताशी ठेवावी. यादीत मोठ्या हुद्द्याच्या माणसाचा मोह धरू नये. प्लांट हेडचं नाव भारदस्त दिसतं, पण तुमचं रोजचं काम ज्यांनी पाहिलं त्या सेक्शन हेडचं बोलणं फोनवर ऐकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. आणि सध्याच्या साहेबांना तुम्ही नोकरी बदलता आहात हे माहीत नसेल तर त्यांचं नाव या टप्प्यावर देऊच नये. ऑफर हातात आल्यानंतर देईन, असं फॉर्मवर लिहिलं तर ते कुणाला वावगं वाटत नाही.

आमच्या उदाहरणात त्याच दुपारी उत्तर आलं, ‘हो, जरूर दे. अभिनंदन.’ इथे काम संपलं असं समजून पुष्कळ जण गप्प बसतात. पण पहिल्या मेसेजमध्ये मुद्दाम न घातलेली माहिती आता द्यायची असते. तिने दुसरा मेसेज पाठवला. त्यात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख होती, महिन्यासह, रिलीव्हिंग लेटरवर आहे तशीच. सोडतानाचा हुद्दा होता. नव्या जागेचं कामाचं स्वरूप दोन ओळींत होतं, सोबत बायोडेटा जोडला होता. तारखांना मी महत्त्व देते, कारण त्या रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदींवरून वेगळ्या तपासल्या जातात. साहेबांनी अंदाजाने 2023 म्हटलं आणि कागदावर 2022 असलं, तर बिचाऱ्या पडताळणी करणाऱ्याला विसंगती म्हणून नोंद करावी लागते आणि तुमचं जॉइनिंग लेटर तेवढ्यासाठी खोळंबतं.

त्या मेसेजमध्ये तिने तीन कामांची आठवण दिली होती, प्रत्येकी एका वाक्यात. आणि माझ्या सांगण्यावरून आणखी एक गोष्ट घातली, जी घालायला ती तयार नव्हती. रेफरन्सच्या फोनवर जवळजवळ हमखास विचारलं जातं की या व्यक्तीने कशात सुधारणा करायला हवी. ऐन वेळी विचारलं की साहेब गोंधळतात. एक तर ‘काहीच नाही’ म्हणतात, जे कुणी खरं मानत नाही, किंवा जे पहिलं आठवेल ते बोलून जातात. तिचे सुरुवातीच्या वर्षांतले रिपोर्ट उशिरा जायचे, त्यावरून तिला वार्षिक मूल्यमापनात ऐकून घ्यावं लागलं होतं आणि मग तिने दर शुक्रवारी रिपोर्ट पूर्ण करायची पद्धत लावून घेतली होती. तिने लिहिलं, ‘सुधारणेबद्दल विचारलं तर सर, रिपोर्टचं तुम्ही सांगितलेलं आणि मग मी शुक्रवारची पद्धत लावली, ते सांगितलं तरी चालेल.’ ही खरी घडलेली गोष्ट होती, म्हणून सांगणं योग्य होतं. न घडलेलं किंवा फुगवलेलं काही वरिष्ठांच्या तोंडी घालायला जाऊ नये. वाक्यंही तयार करून देऊ नयेत. बायोडेट्यातले शब्द जसेच्या तसे साहेबांच्या तोंडून आले की फोन करणाऱ्याला संशय येतो, आणि तो बरोबरच असतो.

ई-मेलचा प्रश्न अजून बाकी होता. पडताळणी करणारे शक्यतो ऑफिसचा मेल मागतात. साधा जीमेल दिला की तो माणूस खरंच तिथे मॅनेजर होता याची त्यांना खात्री पटत नाही. पण होसूरच्या नव्या कंपनीच्या मेलवर जुन्या सहकाऱ्याच्या नोकरीबद्दल पत्रव्यवहार झालेला साहेबांना चालेल का, हे तेच ठरवणार. तिने विचारलं, ‘मेल कोणता देऊ, ऑफिसचा की वैयक्तिक?’ ते वैयक्तिक म्हणाले. मग तिने वाळूजच्या एचआरला तो मेल दिला आणि सोबत साहेबांच्या लिंक्डइन पानाचा दुवा दिला, ज्यावर त्यांची चाकणमधली वर्षं दिसत होती. एचआरचं तेवढ्यावर समाधान झालं.

शेवटची अडचण सगळ्यांत साधी, आणि तिच्यामुळे मी सगळ्यांत जास्त रेफरन्स अडकलेले पाहिले आहेत. हल्ली अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. कर्ज, क्रेडिट कार्ड, फ्लॅट विकणारे यांच्या फोनांनी माणसं इतकी वैतागली आहेत की एचआरने तीनदा केलेला फोनही कापला जातो. मग फाइलवर शेरा पडतो, ‘रेफरन्सशी संपर्क होऊ शकला नाही.’ एजन्सी मेलने दुवा पाठवते तेव्हा तो स्पॅममध्ये जातो, किंवा फसवणुकीचा वाटून उघडला जात नाही. त्यामुळे फोनची वेळ ठरली की आदल्या संध्याकाळी दोन ओळी पाठवाव्यात. तिने पाठवल्या: ‘सर, उद्या 11 ते 1 च्या दरम्यान वाळूजहून फोन येईल, नंबर हा. वेळ गैरसोयीची असेल तर सांगा, मी बदलून घेते.’ साहेबांनी साडेतीननंतर बरं पडेल म्हणून कळवलं, तिने तसं एचआरला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पावणेचारला ते बोलणं झालं.

तिची निवड झाली. ती झाली नसती तरी तिने साहेबांना कळवायलाच हवं होतं, त्याच दिवशी. तुमच्यासाठी पंधरा मिनिटं काढलेल्या माणसाला पुढे काय झालं हे दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका. दोन वर्षांनी पुन्हा त्यांचंच नाव लागणार आहे.

आणि एक विनंती मेसेज ज्यांना जातो त्या वरिष्ठांनाही आहे. तुमच्या उत्तराची वाट पाहणाऱ्याच्या हातात फॉर्म असतो आणि त्यावर तारीख असते. हो म्हणायचं असेल तर हो म्हणा. चांगलं सांगता येणार नसेल, किंवा नियम आड येत असेल, तर ‘मला जमणार नाही, दुसरं नाव दे’ एवढंच लिहा, पण त्याच दिवशी लिहा.